मफिनची टोपी: आधी कडक आच, मग मंद

प्रश्न: रेसिपीत लिहिलंय, २२० अंशांवर ५ मिनिटं आणि मग १८० वर १५ मिनिटं. माझा ओटीजी २८ लिटरचा आहे. एकदा वरून काळे आणि मधे कच्चे झाले, दुसऱ्यांदा घाबरून सुरुवातीपासून १८० वर ठेवले तर चपटे झाले. बेकरीसारखी उंच टोपी घरी येते का? तापमान नेमकं कधी उतरवायचं, आणि तेव्हा दार उघडायचं का?

उत्तर: येते, आणि २८ लिटरच्या ओटीजीतही येते. दार मात्र उघडायचं नाही. पण नुसतं एवढं सांगितलं तर तुमचा तिसरा घाणाही बिघडेल, कारण तुमची अडचण मिनिटांची नाहीच. ती रेसिपी मोठ्या ओव्हनसाठी लिहिलेली आहे. तिथे २२० म्हणजे चारही बाजूंनी साधारण सारखी २२० ची हवा असते. तुमच्या ओटीजीत २२० म्हणजे मफिनच्या डोक्यावर चार बोटांवर लालबुंद रॉड. आकडा एकच, पण आच वेगळी.

मी चौदा वर्षं घरून बेकिंग करते. पहिली सहा वर्षं अशाच एका लहान ओटीजीवर काढली, नंतर मोठा ओव्हन घेतला. त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकेन. तुमच्या ओटीजीचं मॉडेल, तुमचा साचा आणि अंडं आहे की नाही यावर दोन-चार मिनिटं इकडेतिकडे होतील, ते धरून चाला.

आधी टोपी का येते ते बघू, म्हणजे आकडे स्वतःच बदलता येतील. साचा गरम ओव्हनमध्ये गेला की धातूच्या भिंतीला टेकलेलं मिश्रण सर्वांत आधी तापतं. तिथलं अंडं आणि मैद्यातला स्टार्च घट्ट होतो आणि कडा जागच्या जागी थांबतात. मधला भाग अजून ओला, सरसरीत असतो. बेकिंग पावडरचा वायू आणि पाण्याची वाफ यांना मग बाजूला पसरायला जागा उरत नाही, त्यामुळे मधलं मिश्रण वर सरकतं आणि घुमट तयार होतो. आच मंद असेल तर कडा आणि मध्य यांच्यात फारसा फरक पडत नाही, सगळं एका पातळीत वर येतं आणि चपटंच राहतं. थरांच्या केकला आपल्याला नेमकं तेच हवं असतं, म्हणून तो मंद आचेवर भाजतो. मफिनला उलटं हवं.

बरेच जण इथे पुरीचं उदाहरण देतात: तेल कडक तापलं की पुरी फुगते, तसंच मफिनचं. अर्धं खरं आहे. वाफेचं काम दोन्हीकडे आहे. पण पुरीचा वरचा पापुद्रा आधी धरतो आणि वाफ आत कोंडते. मफिनमध्ये वरचा भाग पहिली सात-आठ मिनिटं मऊच राहायला हवा, आणि आधी धरायला हव्यात त्या कडा. वरचा रॉड जवळ असला की मफिनची पुरी होते. वर पापुद्रा धरतो, आतून दाब येतो, पापुद्रा एका जागी फाटतो आणि तिथून ज्वालामुखीसारखं मिश्रण बाहेर येतं. वर काळपट कवच आणि आत कच्चा लगदा. तुमचा पहिला घाणा असाच झाला असणार.

म्हणजे सुरुवातीची कडक आच हवी आहे ती साच्याच्या भिंतींना, डोक्याला नव्हे. आणि नंतर तापमान उतरवायचं ते टोपीसाठी नाही. टोपी तोवर ठरलेली असते. उतरवायचं कारण एवढंच, की मध्य शिजेपर्यंत बाहेरचं करपू नये.

आता मिश्रणाबद्दल, कारण इथे बहुतेकांचं गणित चुकतं. मिश्रण पातळ असेल तर कुठल्याही तापमानाला टोपी येणार नाही. केकचं मिश्रण ओततो तसं मफिनचं ओतता येता कामा नये. चमच्याने उचललं तर ते गोळ्यासारखं पडायला हवं, बटाटेवड्याच्या आवरणापेक्षा पुष्कळ घट्ट. माझं ६ मफिनचं रोजचं प्रमाण असं: मैदा १५० ग्रॅम, साखर ९० ग्रॅम, बेकिंग पावडर सपाट दीड चहाचा चमचा, चिमूटभर मीठ, एक अंडं, घट्ट दही १०० ग्रॅम, दूध ३० मिली, तेल किंवा वितळवलेलं लोणी ६० ग्रॅम, व्हॅनिला आणि चॉकलेट चिप्स ५० ग्रॅम. कोरडं एका भांड्यात, ओलं दुसऱ्यात, मग दोन्ही एकत्र करून दहा-बारा वेळा उलथन्याने खालीवर करायचं. मैद्याचे बारीक ठिपके दिसले तरी थांबायचं. जास्त घोटलं की मैद्याला चिकटपणा येतो आणि भाजल्यावर आत उभी लांब भोकं पडतात. मफिन कापून पाहिलात आणि तशी भोकं दिसली, तर तो दोष ओव्हनचा नाही, हाताचा आहे.

मिसळल्यावर मिश्रण अर्धा तास झाकून ठेवा. या वेळात मैदा ओलावा शोषतो आणि मिश्रण आणखी घट्ट होतं. हे जमतं ते डबल ॲक्शन बेकिंग पावडरमुळे, कारण तिचा बराचसा वायू उष्णता लागल्यावरच सुटतो. पाकिटावर तसं लिहिलेलं नसेल किंवा मिश्रणात फक्त सोडा असेल तर थांबू नका, लगेच भाजा, नाहीतर वायू भांड्यातच निघून जाईल. सोड्याची आणखी एक गोष्ट. सोडा जास्त झाला की रंग फार लवकर चढतो. २२० ची सुरुवात आणि भरपूर सोडा एकत्र आले की टोपी तपकिरीऐवजी काळी होते, आणि आपण ओव्हनला दोष देत बसतो.

साचा धातूचा घ्या, त्यात पेपर कप. आपल्याकडे नुसते पेपर कप ताटलीवर मांडून भाजायची सवय आहे, त्यात कागद बाजूला फाकतो आणि मिश्रण वर जाण्याऐवजी पसरतं. सिलिकॉनचा साचा मफिन सुटायला छान, पण उष्णता हळू नेतो. कडा उशिरा धरतात आणि कडक आचेचा अर्धा फायदा तिथेच जातो. मिश्रण काठोकाठ भरा. वर दिलेल्या प्रमाणात प्रत्येक कपात साधारण ९० ग्रॅम येतं. "दोन तृतीयांश भरा" हा नियम चपट्या कपकेकसाठी ठीक आहे, त्यावर क्रीम बसवायचं असतं. मफिनला अर्धवट भरलात तर फुगवटा कागदाच्या आतच संपतो.

आता तुमच्या ओटीजीकडे. पहिली खरेदी: ओव्हनमध्ये टांगायचा तापमापक. काही शे रुपयांत मिळतो. माझ्या जुन्या ओटीजीत नॉब २२० वर असताना तापमापक १९५ दाखवायचा, आणि हे कळायला मला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांतले चपटे मफिन घरातल्यांनी निमूटपणे खाल्ले. दुसरं म्हणजे लाल दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं नाही. दिवा विझतो तेव्हा हवा तापलेली असते, भिंती आणि जाळी नाही. पहिल्यांदा दिवा विझल्यावर तो परत लागून पुन्हा विझेपर्यंत थांबा, एकूण १५ ते २० मिनिटं. हवेतली उष्णता दार उघडताच निघून जाते. साच्याला धक्का देते ती भिंतींत साठलेली उष्णता.

याच कारणाने मी नॉब हव्या त्या तापमानापेक्षा थोडा वर ठेवते. दार उघडून साचा ठेवायला वीस सेकंद लागले तरी माझ्या लहान ओटीजीचा काटा ३०-४० अंशांनी खाली यायचा. म्हणून तापमापकावर २३० येऊ द्यायचे, साचा झटकन ठेवायचा, दार बंद. मग काटा २०० च्या आसपास जाऊन पुन्हा वर चढतो. मोठ्या ओव्हनमध्ये ही उसनवारी लागत नाही, तिथे २२० म्हणजे २२०.

जाळी कुठे लावायची? साच्याचा वरचा काठ ओव्हनच्या मधोमध किंवा किंचित खाली येईल अशी. २८ लिटरमध्ये बहुधा ती खालून दुसरी खाच असते. साच्याखाली ओटीजीबरोबर आलेला सपाट ट्रे ठेवू नका, तो खालच्या रॉडची उष्णता अडवतो. साचा सरळ जाळीवर. १२ कपांचा साचा असेल आणि तो आत मावत असेल तर ६ च भरा, एक सोडून एक. प्रत्येक कपाच्या भोवती गरम हवा फिरली की कडा लवकर धरतात. रिकाम्या कपांत पाणी घाला असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. मी घालत नाही. ते पाणी तापायला जी उष्णता खातं, तीच आपल्याला पहिल्या पाच मिनिटांत हवी असते.

रॉडचं काम असं वाटून द्या: तापवताना वरचा आणि खालचा दोन्ही, साचा आत गेल्यावर फक्त खालचा. ओटीजीचा हा फायदा प्रत्येक मोठ्या ओव्हनमध्ये मिळतोच असं नाही, रॉड वेगळे निवडता येतात. वरचा बंद केल्यावर डोक्यावरची झळ थांबते आणि भिंतींतली साठवण व खालचा रॉड मिळून कडा धरायचं काम करतात. शेवटी रंग फिका वाटला तर वरचा रॉड दोन मिनिटं लावता येतो. उलटं करून काळं झालेलं परत पांढरं करता येत नाही.

आता प्रत्यक्ष वेळ. वरच्या प्रमाणातले ६ मफिन माझ्या त्याच लहान ओटीजीत कसे जायचे, ते मिनिटामिनिटाने सांगते. काचेतून बघत राहा, दिवा नसेल तर मोबाइलचा टॉर्च मारा.

पहिली दोन मिनिटं काही दिसत नाही, फक्त वरची चकाकी वाढते. चौथ्या मिनिटाला कडेने चकाकी जाऊन मॅट पट्टी दिसू लागते, साधारण करंगळीच्या नखाएवढी रुंद. मध्य अजून चमकतो. ही पट्टीच आपली खूण आहे: कडा धरल्या. पाचव्या किंवा सहाव्या मिनिटाला, म्हणजे पट्टी सगळ्या कपांवर गोलाकार पूर्ण झाल्यावर, नॉब १७५ वर आणायचा. दार बंदच. इथे लहान ओव्हनचा एक स्वभाव लक्षात घ्या. नॉब खाली आणला म्हणून आतलं तापमान लगेच खाली येत नाही. रॉड बंद होतो आणि काटा हळूहळू उतरतो, माझ्याकडे त्याला सात-आठ मिनिटं लागायची. म्हणजे रेसिपीतली "२२० वर ५ मिनिटं" तुमच्याकडे प्रत्यक्षात दहाच्या आसपास कडक मिनिटं होतात. म्हणूनच ओटीजीत मी दुसरा टप्पा १८० ऐवजी १७५ वर ठेवते आणि पाचाच्या पुढे फार रेंगाळत नाही.

लवकर उतरवायच्या नादात दार किंचित उघडावंसं वाटेल. सातव्या ते दहाव्या मिनिटाच्या मधे तर अजिबात नको. तेव्हा मध्य वर आलेला असतो पण शिजलेला नसतो, तो फक्त गरम वायूच्या आणि वाफेच्या जोरावर उभा असतो. थंड हवा लागली की वायू आक्रसतो आणि टोपी बसते. एकदा बसलेली टोपी परत उठत नाही.

आठव्या मिनिटाला मध्य कडेच्या वर स्पष्ट चढलेला दिसेल, एखाददुसरी बारीक भेग पडेल. ती हवीच. बाराव्या मिनिटाला भेगेच्या कडांवर सोनेरी रंग. पंधराव्याला पहिल्यांदा दार उघडा आणि एका मफिनच्या मध्यभागी काडी घाला. भेगेतून घालू नका, तिथे ओलसरच लागते आणि विनाकारण दोन मिनिटं जास्त भाजलं जातं. बाजूने तिरकी मध्यापर्यंत घाला. एक-दोन ओले कण चिकटले तर चालतं, ओलं मिश्रण आलं तर आणखी दोन मिनिटं. माझा घाणा १७ व्या मिनिटाला निघतो, कधी १८. खुपसायचा तापमापक असेल तर मध्यात ९६ ते ९८ अंश आले की झालं. बाहेर काढल्यावर पाच मिनिटांत साच्यातून काढून जाळीवर ठेवा, नाहीतर खाली वाफ धरून कागद ओला होतो.

तुमच्याकडे काही वेगळं झालं तर मफिनच सांगतो. टोपी एकाच बाजूला कलली असेल तर त्या बाजूला उष्णता कमी आहे, कारण जिथे भिंत उशिरा धरते तिकडे मिश्रण झुकतं. पुढच्या वेळी साचा दुसऱ्या बाजूला सरकवा. टोपी टोकदार, फाटलेली आणि खाली कच्ची असेल तर वरची आच जास्त किंवा कडक टप्पा लांबला. टोपी छान आली पण बाहेर काढल्यावर मधे खड्डा पडला, तर दोन मिनिटं आधी काढलंत किंवा बेकिंग पावडर जास्त झाली. छत्रीसारखा काठ साच्यावर पसरून चिकटला तर भरणं जरा जास्त झालं, ८० ग्रॅमवर या. आणि सगळं नीट करूनही चपटं राहिलं तर पावडरची परीक्षा घ्या: अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली नाही तर डबा फेकून द्या. आपल्या पावसाळ्यात उघडा डबा फार टिकत नाही.

अंड्याशिवाय करत असाल तर आकडे बदलतात. अंडं नसलं की कडा आणि मध्य धरून ठेवायला मुख्यतः स्टार्चच उरतो, आणि साखर भरपूर असली की तो आणखी उशिरा घट्ट होतो. वरून बहुतेक अंडेविरहित रेसिपींत कंडेन्स्ड मिल्क असतं, ते पटकन तपकिरी होतं. तिथे मी २०० ते २०५ वर सुरुवात करते, ६ मिनिटं, मग १७० वर साधारण १४. टोपी अंड्याच्या मफिनपेक्षा थोडी बुटकीच येते. ती तशीच स्वीकारलेली बरी, उंचीच्या हव्यासापायी आच वाढवली की मधे गच्च राहतं. केळं किंवा गूळ असलेल्या मिश्रणालाही हाच बेताचा मार्ग.

कोणी कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह वापरत असेल तर: आतला पंखा वरचा भाग लवकर सुकवतो, म्हणून सुरुवात २०० वर आणि नंतर १६५ ते १७०. काही मॉडेलमध्ये मधेच तापमान बदलता येत नाही, कार्यक्रम रद्द करून नव्याने लावावा लागतो. तो नव्याने लावल्यावर मशीन पुन्हा प्रीहीटला जातं का, हे आधी रिकाम्या मशीनवर बघून ठेवा, मफिन आत असताना नको. आणि ज्यात २०० पर्यंत तापमान जातच नाही, तिथे मिश्रण फ्रिजमध्ये तासभर थंड करून, साचा काठोकाठ भरून १९० वर एकसारखं भाजा. थंड मिश्रणात मध्य आणखी उशिरा तापतो, त्यामुळे कडा आणि मध्य यांच्यातला फरक थोडा वाढतो. वेळ दोन-तीन मिनिटं जास्त लागेल.

पुढचा घाणा करताना सहाच्या सहा पणाला लावू नका. भिजवलेलं मिश्रण तास-दीड तास फ्रिजमध्ये थांबू शकतं, तेवढं दोन-दोन करून भाजा. पहिले दोन वर सांगितल्याप्रमाणे, खालचा रॉड आणि ५ मिनिटांवर नॉब खाली. वरून फिके वाटले तर पुढच्या दोघांना पहिली दोन मिनिटं वरचा रॉडही चालू ठेवा. गडद वाटले तर साडेचार मिनिटांवरच उतरवा. प्रत्येक जोडीच्या आधी ओव्हन परत तापू द्या. आणि मॅट पट्टी तुमच्याकडे कितव्या मिनिटाला पूर्ण झाली, तापमापक तेव्हा काय दाखवत होता, एवढं लिहून इथे टाका. त्या दोन आकड्यांवरून तुमच्या ओटीजीचा दुसरा टप्पा १७५ ठेवायचा की १६५, ते सांगता येईल.